पाय मोडलेला ‘स्वर्गवासी’

आमच्या तालुक्याच्या बातम्यांची वेबसाइट मी एकटाच चालवतो. सगळ्यात जास्त वाचक निधनवार्तांना. फोंडाघाटाकडे मात्र रेंज इतकी मरतुकडी, की बातमीच्या जागी काही सेकंद कोरं पानच दिसायचं. मोबाइल आधी माझ्या देखण्या फॉन्टची जडशीळ फाइल उतरवत बसायचा.

एका दुपारी मी ती फाइल कापायला घेतली. न लागणारी इंग्रजी अक्षरं आणि परदेशी चिन्हं काढली. मग अंगात आलं आणि जोडाक्षरं जुळवणारे नियमही अडगळ समजून उडवले. पान झटक्यात उघडलं. मी इतका खूश, की वाचून बघितलंच नाही.

तासाभरात फोंडाघाटाच्या एका निवृत्त गुरुजींचा फोन आला. त्यांच्या वडिलांची बातमी त्याच दिवशी लावली होती.

“माझो बापूस अख्खो गेलो रे,” ते शांतपणे म्हणाले. “तू तेचे तुकडे कित्याक केलंस?”

बघतो तर ‘स्वर्गवासी’ शब्दातले स आणि र पाय मोडून वेगवेगळे पडलेले. मी ओशाळलो. जोडाक्षरांचे नियम परत घातले. फाइल थोडी वाढली, तरी मूळच्यापेक्षा खूपच लहान राहिली. शिवाय फॉन्ट येईपर्यंत मजकूर मोबाइलच्याच अक्षरांत दिसेल, अशी सोय केली.

गुरुजींना फोन करून पुन्हा बघायला सांगितलं.

“आता बरो वाचूक येता,” ते म्हणाले. “फोटो मात्र अर्धोच इलो हा. बाबा नाकापर्यंतच आसत.”