फूटपट्टीने ओढलेली रेष

मी उतावळी आहे. भात शिजतानाही चार वेळा झाकण उघडून बघते. अशा बाईला नगरच्या एमआयडीसीत धातू तपासणाऱ्या प्रयोगशाळेत क्रीपच्या चाचण्या सांभाळायला बसवलं, म्हणजे माझीच परीक्षा होती.

क्रीप म्हणजे तापलेला धातू ओझ्याखाली हळूहळू लांबत जाणं. टर्बाइनची पाती लालबुंद तापतात आणि वर गरगर फिरण्याचा ताण सोसतात, त्यामुळे ती तासागणिक केसाहूनही कितीतरी कमी, पण वाढत राहतात. फार वाढली तर टोक बाहेरच्या कवचाला घासतं. म्हणून आम्ही पात्याच्याच धातूची कांडी भट्टीत टांगायचो, तरफेला वजन लावायचो आणि लांबी मोजत बसायचो. धक्क्याने मोजमाप बिघडू नये म्हणून त्या खोलीत दारसुद्धा कोणी आपटत नसे.

त्या वेळी भट्टीत होती ती कांडी श्रीरामपूरच्या एका काकांची. साखर कारखान्यात आयुष्य गेलेला माणूस, पुढे स्वतःचा ओतकामाचा कारखाना काढला आणि निकेलच्या मिश्रधातूची पाती ओतली. अट अशी, की हजार तासांत, म्हणजे साधारण सहा आठवड्यांत, कांडी एक टक्क्याहून जास्त लांबायची नाही. कसोटीला उतरली नाही तर ती सगळी पाती भंगारात आणि काकांची दोन वर्षांची मेहनतही.

दुसऱ्या दिवशी सकाळी पहिल्या दिवसाची मोजमापं घेऊन मी आलेखाच्या कागदावर फूटपट्टी ठेवली आणि सरळ रेष ओढली. ती दहाव्या दिवशीच एक टक्क्याला टेकत होती. मी लगेच काकांना फोन लावला.

"काका, वाईट वाटतंय सांगायला, पण कांडी नापास होणार."

काका म्हणाले, "बरं. मंग ठिऊन तरी काय करायचं? सांच्याला भंगारवाल्याचा टेम्पो येतोय, देतो घालून."

चहाच्या वेळी आमच्या जुन्या तंत्रज्ञ मामांनी तो कागद पाहिला. मामा कॉम्प्युटर असूनही आकडे हातानेच मांडत. त्यांनी कपाटातून जुने कागद काढून माझ्यापुढे पसरले. प्रत्येक आलेख आधी भरभर चढत होता आणि मग मंदावत होता.

"ताई, पयल्यांदा धातू भसाभसा लांबतो. लांबता लांबता आतून कडक हुतो, मंग सावकाश चालतो. तुमी त्याच्या पयल्या पळन्यावर हिशोब लावला."

कॉलेजात हे मी शिकले होते, परीक्षेत लिहिलंही होतं. मी धावत फोनकडे गेले. काकांचा फोन लागेना, तेव्हा मी पर्स उचलली आणि श्रीरामपूरची एसटी पकडली. सगळ्या वाटेवर मी स्वतःलाच शिव्या घालत होते.

पोचले तेव्हा टेम्पोत पाती भरून झाली होती.

"काका, उतरवा!"

"म्हंजे पास झाली?"

खोटं बोलणं फार सोपं होतं. मी म्हणाले, "नाही. अजून माहीत नाही. सकाळी मी जे सांगितलं ते सांगायचा मला अधिकारच नव्हता."

काकांनी माझ्याकडे नीट पाहिलं. "सकाळी लई खात्रीनं बोलत हुता. आता माहीत न्हाई म्हनताय, ते खरं वाटतंय." आणि त्यांनी पाती उतरवून भंगारवाल्याला परत पाठवलं. तो जाम चिडला.

चौथ्या दिवशी रेष वाकली. मग ती इतकी सावकाश चालली, की मला कंटाळा यायला लागला आणि त्या कंटाळ्याचाच आनंद झाला. हजार तास झाले तेव्हा कांडी एक टक्क्याच्या बरीच खाली होती. मी काकांना फोन केला आणि बोलता बोलता चक्क रडले.

टर्बाइनचा आराखडा करणारा इंजिनिअर खूश होऊन म्हणाला, ही सावकाश चाल धरून पात्याचं आयुष्य दुप्पट लिहू या. या वेळी मी घाई केली नाही. कांडी तुटेपर्यंत तशीच ठेवली. पुढे रेष पुन्हा वर उचलली. धातूच्या कणांच्या सीमांवर बारीक पोकळ्या वाढत होत्या, वेग वाढत गेला आणि एका दुपारी कांडी तुटून वजन खाली आलं. इंजिनिअरने आलेख पाहिला आणि रेष वर उचलते त्याच्या बरंच अलीकडे पात्याच्या आयुष्याची मर्यादा बांधली. भट्टीपेक्षा यंत्रात थोडीशी उष्णता जास्त झाली तरी हे आयुष्य झपाट्याने घटतं, म्हणून पात्याला थंड हवा खेळवायची भोकंही राखली.

काका तुटके तुकडे बघायला आले. दोन्ही जुळवून म्हणाले, "ही तुटली, तरी पास?"

"कुठे तुटते ते कळलं काका, म्हणून पास. तुमची पाती त्याच्या कितीतरी आधी उतरवून नवी बसवतील."

"म्हंजे पुन्हा माझ्याकडंच येतील मागायला!" काका खळखळून हसले.

पहिल्या दिवसाचा तो कागद मी फाडला नाही. त्यावर माझी फूटपट्टीची रेष आहे आणि तिच्याखाली मामांनी पुढच्या आकड्यांवरून हाताने काढलेली खरी रेष. तो भट्टीशेजारी लावलाय. आता पहिल्या दिवशी फोन उचलावासा वाटला, की मी आधी तिकडे बघते.