सपाट पन्हळी

आमच्या सांडोरच्या वाडीत सासूबाईंनी वाढवलेली राजेळी केळी होती. त्यांच्या हातची सुकेळी, म्हणजे उन्हात सुकवलेली केळी, नातेवाइकांत प्रसिद्ध. ती सगळी केळी एका दिवसात तोडली गेली, कारण माझे थोरले दीर आखातातून परत आले होते आणि त्यांना मातीशिवाय शेती करायची होती. ज्यांच्या हाताला आयुष्यात कधी माती लागली नाही, त्यांना मातीशिवायची शेती सुचावी यात नवल काहीच नव्हतं.

अट एकच होती. पहिलं पीक मुंबईच्या हॉटेलात पसंत पडलं तर भाऊजी कायमचे घरी राहणार, नाहीतर पुन्हा वाळवंटात. सासूबाईंनी जास्त विचारलं नाही. कोयता त्यांनी स्वतःच काढून दिला.

लोखंडी पाइपांच्या सांगाड्यावर प्लॅस्टिकचा कागद चढला. आत टेबलांवर तीस-तीस फुटांच्या पन्हळी, जमिनीत पुरलेली टाकी, टाकीतून पंपाने वर चढवलेलं खतपाणी. ते प्रत्येक पन्हळीच्या वरच्या तोंडाला पडायचं, मुळांखालून पातळ थरात वाहायचं आणि खालच्या तोंडातून परत टाकीत. लावणार होते सॅलडचा पाला, म्हणजे लेट्यूस. आमच्या घरात तो पाला कुणी चाखलेलाही नव्हता.

भाऊजींनी सोबत एक सचित्र पुस्तिका आणली होती. ती त्यांनी पाहिली होती, मी वाचली होती. मी जवळच्या पापडी गावातल्या शाळेत विज्ञान शिकवत असे, म्हणून भाऊजी मला मास्तरीणबाई म्हणत. त्यांच्या तोंडी हा शब्द शिवीच्या फार जवळ जायचा.

सगळी टेबलं त्यांनी लेव्हल लावून सपाट केली होती. अगदी कॅरमबोर्ड.

"भाऊजी, उतार कुठे आहे?"

"कशाला हवा? फोटोत बघा, सरळ दिसतात."

"चाळीस फुटांना एक फूट उतार लागतो. आपल्या पन्हळीला नऊ इंच. नाहीतर पाणी साचेल, मुळांना हवा मिळणार नाही."

"अहो, वाडीतले पाट आपण वर्षानुवर्षं सपाटच काढतो. पाणी सावकाश जावं, झाडाने निवांत प्यावं!"

पाटातलं पाणी जमिनीत जिरतं आणि प्लॅस्टिकच्या पन्हळीत जिरायला जमीन नसते, हे सातवीच्या पोरालाही कळलं असतं. पण सातवीच्या पोराला आखातातून आलेला सूट नसतो.

पाण्याचं वाटप तर त्याहून थोर होतं. एकाच नळीला ओळीने भोकं पाडलेली, तोटी एकालाही नाही. पंपाजवळच्या पन्हळीत धो धो पूर, टोकाच्या पन्हळीत थेंब थेंब. मी लिटरचं माप आणि घड्याळ घेऊन बसले. मिनिटाला एक ते दीड लिटर हवं होतं. पहिलीत त्याच्या तिप्पट पडत होतं, शेवटच्या पन्हळीत पेलाही भरेना. भाऊजी म्हणाले, "सरासरी बरोबर आहे ना?" आमच्या शाळेतली नापास मुलंही असंच म्हणत.

ते हॉटेलच्या आचाऱ्याला भेटायला मुंबईला गेले, तेव्हा मी आणि माझ्या नवऱ्याने विहिरीकडच्या अर्ध्या टेबलांखाली विटा घातल्या, पारदर्शक नळीत पाणी भरून दोन टोकांच्या पातळीवरून उतार मोजला आणि जमल्या तिथे तोट्या बसवल्या. परत आल्यावर भाऊजींनी थयथयाट केला. शेवटी वाटणी झाली: विटांवरच्या पन्हळी माझ्या, सपाट त्यांच्या. एका छपराखाली दोन राज्यं.

महिन्याभरात निकाल डोळ्यांसमोर होता. माझ्याकडची मुळं पांढरीशुभ्र, पाला हिरवागार. त्यांच्याकडे बोटभर साचलेलं पाणी, त्यात काळपट, बुळबुळीत मुळं आणि वर पिवळी, खुरटी रोपं. "ही जातच वेगळी असेल," भाऊजी म्हणाले. बियाणं एकाच पाकिटातलं होतं.

राहिला प्रश्न वीज गेल्यावर काय, हा. पन्हळीत मातीच नाही, तेव्हा पंप थांबला की मुळं तासा-दोन तासांत कोरडी. मी म्हटलं, एक पिंप उंचावर ठेवा, नाहीतर विहिरीवरचं डिझेल इंजिन टाकीला जोडा. भाऊजी हसले. काळा धूर सोडणारं ते इंजिन त्यांनी नंदाखाल गावच्या मामेभावाला देऊन टाकलं आणि त्याच्या जागी दुसरा विजेचा पंप आणला. तोही त्याच मीटरवर. एक पाय मोडला तर दुसरा असावा म्हणून त्यांनी दोन्ही पाय एकाच खड्ड्यात घातले होते.

जानेवारीत गावचा सण आला. दुसऱ्या दिवशी हॉटेलचा माणूस पीक बघायला येणार होता. आमच्या गावात सणाला वीज जातेच. देवळावर, म्हणजे आमच्या चर्चवर, रोषणाई, मंडपात कर्णे, घराघरांत पाहुणे. बिचारा फ्यूज किती सोसणार? शेंबड्या पोरालाही ठाऊक असलेली ही गोष्ट. मोठ्या मिस्सेत प्रवचन चालू असताना कर्णा एकाएकी गप्प झाला. मी भाऊजींकडे पाहिलं. त्यांनी हाताने शांत बसा अशी खूण केली आणि कुजबुजले, "दुसरा पंप आहे."

मी उठले, नवराही उठला. पण मिरवणुकीने वाट अडवली होती. वाडीत पोचलो तेव्हा प्लॅस्टिकखाली भट्टी पेटली होती आणि माझ्या पन्हळी, माझ्या नेमक्या उताराच्या, कोरड्या ठणठणीत होत्या. पाणी शिस्तीत वाहून गेलं होतं. पाला ओल्या फडक्यासारखा लोळत होता. सपाट पन्हळींत मात्र पाणी साचलेलं, आणि तिथली पिवळी रोपं ताठ उभी.

"बघा!" मागून आलेले भाऊजी ओरडले. "सपाटच वाचल्या!"

त्या क्षणी मला त्यांचा इतका संताप आला, की बादली टाकीत बुडवायची की त्यांच्या डोक्यावर ओतायची, असा प्रश्न पडला. टाकीत बुडवली. नवरा भरून देत होता, मी एकेका पन्हळीच्या तोंडाशी ओतत होते. भाऊजींनी कोट काढला आणि तेही धावू लागले. सणाचं लाल लुगडं नेसलेल्या सासूबाई तांब्याने पाणी ओतत होत्या, पण सपाट पन्हळींत.

"आई, तिकडे कशाला? त्यांत पाणी आहे की! इकडे ओता!"

"त्या त्याच्या आहेत," त्या म्हणाल्या आणि ओतत राहिल्या.

संध्याकाळी वीज आली. माझी रोपं बरीचशी उठली, पण पानांच्या कडा करपल्या होत्या. हॉटेलच्या माणसाने माझं एक पान तोडून पाहिलं, भाऊजींचं एक रोप उपटून मुळांचा वास घेतला आणि चहाही न पिता गेला. ईस्टर झाल्यावर भाऊजी आखातात गेले. जाताना म्हणाले, वीज मंडळाने घात केला.

ते गेल्यावर मला राहवलं नाही. "आई, सणाला वीज जाते हे तुम्हाला तरी ठाऊक होतं. तो पाला होणार नाही हेही कळत होतं. मग केळी का तोडू दिलीत?"

त्या केळीचे कोंब लावायला खड्डा खणत होत्या. त्या बोलायच्या घरच्या बोलीत, मी शाळेच्या मराठीत लिहिते.

"पाच महिने घरी जेवला ना," त्या म्हणाल्या. "कोंब दे इकडे."