मोमेंटची बेरीज

पेणच्या कॉलेजात मी डिप्लोमाच्या मुलांना मेकॅनिक्स शिकवतो. त्या वर्षी एका मुलीचा हा एकच विषय राहिला होता, तोही दोनदा. खाडीकडच्या गावातली, मिठागरावर राबणाऱ्या घरातली मुलगी. रोह्याच्या एका कंपनीत तिची निवड झाली होती. फक्त या खेपेला पास झाल्याचा कागद हवा होता.

तिचं घोडं मोमेंटवर अडायचं, म्हणजे एखादा फोर्स बिंदूभोवती किती फिरवतो त्यावर. फोर्स तिरका आला की ही त्याची रेष मागे वाढवणार, बिंदूपासून तिच्यावर लंब टाकणार, मग त्रिकोण, साइन, कोसाइन. उत्तर बरोबर यायचं, पण वीस मिनिटांनी. तोवर पेपर अर्धा कोरा. माझं डोकं फिरायचं.

"अगं, फोर्सचे दोन तुकडे कर, एक आडवा, एक उभा. त्यांची अंतरं आकृतीत दिलेलीच असतात. दोघांचे मोमेंट काढ, बेरीज कर, मोकळी हो."

"पण सर, लंब दिसला नाय तर मला खरं वाटत नाय."

"खरं वाटायला वेळ कुठे आहे तुझ्याकडे?"

महिनाभर कॉलेज सुटल्यावर तिच्याकडून हेच घोटून घेतलं. पाच मिनिटांत गणित सुटायला लागलं आणि मीच जास्त खूश झालो.

परीक्षेच्या दिवशी ती बाहेर आली तेव्हा मी गेटवरच होतो. भिंतीला एका बोल्टने बसवलेल्या ब्रॅकेटचं गणित आलं होतं, बोल्टभोवतीचा मोमेंट काढायचा. बोल्टपासून चाळीस सेंटिमीटर उजवीकडे आणि वीस वर, तिथे पन्नास न्यूटनचा तिरका फोर्स. आडवा तुकडा चाळीस, उजवीकडे. उभा तीस, वर.

"उभ्याचा मोमेंट बारा न्यूटन-मीटर, आडव्याचा आठ," ती म्हणाली. "बेरीज वीस."

मी ओरडलोच. "वीस कसे? उभा घड्याळाच्या उलट फिरवतोय, आडवा घड्याळासारखा. बारातून आठ वजा. चार!"

तिचा चेहरा उतरला. "चार आलेलं, सर."

"म्हणजे?"

"वीस मला पटंना, म्हणून लंब काढून बघितला. आठ सेंटिमीटर, म्हणजे पॉइंट शून्य आठ मीटर. पन्नासाने गुणलं, चार आलं."

"मग?"

"मग चार खोडलं. म्हटलं, सरांची रीत चुकायची नाय."

ती थोडक्यात नापास झाली. रोह्याची जागा गेली. मला तिचा राग आला होता, हे कबूल करतो. स्वतःच्या बरोबर उत्तरावर काट मारते म्हणजे काय! त्या रागातच मी तिची वही मागून घेतली. माझ्याच अक्षरात घातलेली एकूण एक गणितं तपासली. प्रत्येकात दोन्ही तुकडे एकाच दिशेने फिरवणारे निघाले. सोपं जावं म्हणून मीच तशी निवडली होती. 'दिशा बघ' असं त्या वहीत मी एकदाही लिहिलं नव्हतं.