पाहिजे काय, असं सरांनी विचारलं तेव्हा

आमच्या घरात कुणी "काय पाहिजे?" असं विचारलं की उत्तर ठरलेलं असतं. काही नको. चहा नको, पाणी नको, पाट नको, काही नको. समोरच्यानं दुसऱ्यांदा विचारलं तरी नको. तिसऱ्यांदा विचारलं तर मान थोडी हलवायची, आणि मग कपातला अर्धा चहा प्यायचा. हे मला कुणी बसवून शिकवलं नाही. तलमडुगूच्या आमच्या आळीत सगळेच असे वागतात, म्हणून मीही तशीच वाढले. यामुळे एक दिवस माझं काम अडेल, असं कधी वाटलं नव्हतं.

डिग्रीच्या शेवटच्या वर्षी कॉलेजनं आम्हाला तीन महिन्यांसाठी कामाच्या जागी पाठवलं. माझ्या वाट्याला आदिलाबादजवळची एक जिनिंग मिल आली. तिथं कापसातली सरकी काढून रुईच्या गाठी बांधतात. आमच्या घरातून कॉलेजला गेलेली मीच पहिली. त्यामुळे ऑफिसात टेबल मिळालं हेच मला फार वाटलं. ते टेबल रोज सकाळी मी स्वतःच पुसायची.

माझ्यावर देखरेख ठेवणाऱ्या मॅडमनी पहिल्याच आठवड्यात सांगितलं होतं, "शेवटी मिलच्या कामातली एखादी अडचण घेऊन छोटा प्रकल्प करायचा. पण वरच्यांपैकी कुणीतरी पाठीशी पाहिजे. नाहीतर इथं कागद इकडचा तिकडे हलत नाही."

अडचण शोधायला मला लांब जावं लागलं नाही. गेटबाहेर ती रोज उभीच असायची. कापसाच्या गाड्या सकाळपासून रांगेत लागायच्या, ट्रॅक्टर, टेंपो, एखादी बैलगाडीसुद्धा. रांग हळूहळू पुढे सरकायची आणि वजनकाट्यापाशी आल्यावर तपासणारा माणूस कापसात मीटर खुपसायचा. ओलावा बारा टक्क्यांच्या वर निघाला की गाडी परत. इकडे ओलाव्याला सगळे तेलुगूतलं तेमाच म्हणतात. "तेमा जास्त आहे, काढा बाजूला!" पण बाजूला जागाच कुठं होती? मागे रांग, पुढे काटा. भरलेली ट्रॉली मागे घेईपर्यंत सगळे हातवारे करत उभे. तेवढा वेळ काटा रिकामा, आणि आत यंत्रं कापसाची वाट बघत.

माझं म्हणणं एवढंच होतं की मीटर रांगेच्या शेवटी न्यावं. गाडी आली की तिथंच बघायचं, बाराच्या आत असेल तर चिठ्ठी देऊन रांगेत घ्यायची, नसेल तर मागच्या सिमेंटच्या ओट्याकडे वळवायची. तिथं कापूस उन्हात पसरता येतो.

मॅडमना हे पटलं. "पण गेट आणि रखवालदार मोठ्या सरांच्या हातात. मी उद्या दोन मिनिटं मागून ठेवली आहेत. दोन म्हणजे दोनच हं," त्या म्हणाल्या.

मोठे सर म्हणजे मिलचे मॅनेजर. हंगामात ते बसलेले मी कधी पाहिले नव्हते.

मी चार पानं लिहून पाठ केली. कॉलेजच्या सेमिनारमध्ये आम्ही सुरुवात जशी करायचो, तशीच केली. "सर्वप्रथम आदरणीय सर, आपण आपला अमूल्य वेळ दिल्याबद्दल..." मग माझं गाव, माझं कॉलेज, मार्गदर्शन करणाऱ्या सगळ्यांचे आभार. मग कापूस हे या भागातलं मुख्य पीक, ओलावा म्हणजे काय, तो कसा मोजतात. बावीस वर्षं कापसात काढलेल्या माणसाला मी कापूस समजावून सांगत होते. ते एकदा फोनकडे बघत होते, एकदा माझ्याकडे. मी रांगेपर्यंत पोचले तेव्हा ते खुर्चीतून उठलेसुद्धा होते.

"छान," ते दाराशी थांबून म्हणाले. "पण तुला पाहिजे काय?"

आणि माझ्या तोंडून निघालं, "काही नको सर."

ते जरा थबकले. मला वाटलं, काहीतरी कमी पडलं. म्हणून मी जोडलं, "फक्त आशीर्वाद असू द्या."

"आहे की," सर म्हणाले आणि गेले.

काट्यावर एक वयस्कर मामा बसायचे. सगळी मिल त्यांना मामाच म्हणायची. मी खिडकीशी जाऊन उभी राहिले.

"काऊन वं बाई, काय म्हणलं साहेबानं?"

"आशीर्वाद दिला."

"आन मीटर?"

"मागितलंच नाही."

मामांनी चष्मा काढला. "आशीर्वादानं ट्रॉली मागं येते काय वं? येत असंल तर सांग, मी उद्यापासून आरतीच लावतो हिथं." बाहेर उभा असलेला ट्रॅक्टरवाला हसला. मग मीही हसले, पण डोळ्यांत पाणी होतं.

मॅडम रागावल्या नाहीत. त्या एवढंच म्हणाल्या, "आता हंगाम संपेपर्यंत ते वेळ देणार नाहीत. दुसरा विषय घे. फाइली लावायचा घे." माझे अठरा दिवस उरले होते. फाइली लावल्या तरी कॉलेजला प्रकल्प चालला असता. पण रोज खिडकीतून ती रांग दिसायची.

मामांनीच वाट काढली. "साहेबाची गाडी कोन्त्या गेटानं येते?"

"याच."

"आन रोज सकाळी कुटं अडकते?"

मी वळून गेटकडे पाहिलं. मिलला गेट एकच होतं. एखादी परतीची ट्रॉली आडवी झाली की सर गाडीतून उतरायचे आणि काट्याच्या खिडकीपाशी येऊन घड्याळ बघत उभे राहायचे. रोज.

"पण तेव्हा तर ते चिडलेले असतात, मामा."

"मंग? दुखून राह्यलं तवाच औषध इकावं."

त्यांनी मला तालीमही दिली. भरलेली गाडी काट्यावर चढते, आकडा स्थिर होतो, चिठ्ठी छापली जाते, गाडी उतरते. याला साधारण दोन मिनिटं लागतात. "गाडी चढली की सुरू कर, उतरली की तोंड बंद," मामा म्हणाले. पहिल्या गाडीला मी आभारातच अडकले. दुसऱ्या गाडीला ओलाव्याच्या व्याख्येपर्यंत आले. गुडीहत्नूरकडून आलेला एक टेंपोवाला तर चिठ्ठी घेऊन थांबला आणि म्हणाला, "ताई, पुढं काय झालं ते तरी सांगा."

"आधी माग," मामा म्हणाले. "काय पाह्यजे ते पयलं. मंग काऊन पाह्यजे ते."

"आल्याबरोबर मागायचं? कसं वाटतं ते!"

"बरं, मले चहा माग."

"मामा, तुम्हाला वेळ असेल तर..."

"नाही देत. पुन्ना माग."

"मामा, चहा द्या."

"हां. अशी."

दोन दिवस मी गेटवर उभी राहून मोजलं. पहिल्या दिवशी नऊ गाड्या काट्यापाशी येऊन परत गेल्या, दुसऱ्या दिवशी अकरा. प्रत्येकीला वळवायला किती वेळ गेला तेही वहीत लिहिलं. तपासणीच्या खोलीत एक मीटर नुसतंच पडलेलं असतं, हेही विचारून घेतलं. चार पानं फाडली आणि एका कागदावर पाच ओळी लिहिल्या.

तिसऱ्या दिवशी सकाळी बाजारहत्नूरची एक ट्रॉली काट्यासमोर आडवी झाली. तेमा चौदा. सरांची गाडी मागे थांबली. ते उतरून खिडकीशी आले. मी आत मामांच्या मागे उभी होते. मामांनी माझ्याकडे न बघताच खुर्ची मागे सरकवली, म्हणजे मला पुढे यायला जागा झाली.

"सर, मला दहा दिवसांसाठी एक पडून असलेलं मीटर आणि सकाळी सात ते अकरा एक रखवालदार पाहिजे."

आवाज माझाच होता, पण जरा मोठा आला. सर वळले.

"कशाला?"

"ही ट्रॉली रांगेच्या शेवटीच तपासली असती तर इथं आडवी आली नसती. काल अकरा गाड्या अशा परतल्या, परवा नऊ. एकेकीला वळवायला आठ ते बारा मिनिटं लागली. तेवढा वेळ काटा बंद आणि आत यंत्राला कापूस नाही. तिथंच तपासून ओली गाडी सरळ ओट्याकडे पाठवायची. दहा दिवसांत परतणाऱ्या गाड्या निम्म्यावर आल्या नाहीत तर मी स्वतः बंद करते."

मी थांबले. ट्रॉली अजून वळतच होती.

"वरून वाळलेला असतो, आत ओला," सर म्हणाले. "मागे पास आणि इथं नापास झाला तर शेतकरी तुला सोडेल का?"

"तीन ठिकाणी मीटर घालायचं सर, खोलवर. आणि चिठ्ठीवर लिहायचं की शेवटची तपासणी काट्यावरच होईल. तो निर्णय मी घेत नाही."

"दोन मीटरचे आकडे जुळतात का?"

हे मी पाहिलंच नव्हतं. "माहीत नाही सर. आज दोन्ही एकाच कापसात घालून बघते आणि संध्याकाळच्या आत सांगते."

सर पहिल्यांदाच हसल्यासारखे झाले. "माझा रखवालदार नाही मिळणार. एक हेल्पर देतो. मीटर घे. पाच दिवस. गेटवर मी सांगतो." त्यांनी तिथूनच फोन लावला आणि दोन वाक्यांत सांगूनही टाकलं. ट्रॉली बाजूला झाली. गाडीत बसता बसता ते म्हणाले, "अजून काही पाहिजे?"

काही नको, हे अगदी ओठांवर आलं. शेजारी मामा उगाचच खोकले.

"हो सर. पाच नाही, सात दिवस. आज मंगळवार आहे. पाच दिवसांत सोमवार येत नाही, आणि सर्वांत मोठी रांग सोमवारी असते."

"सात," सर म्हणाले, आणि काच वर गेली.

दोन्ही मीटरमध्ये जवळजवळ अर्ध्या टक्क्याचा फरक निघाला. मी तो लिहून सरांच्या टेबलावर ठेवला. दुसऱ्या दिवशी सकाळी मी आणि हेल्पर रांगेच्या शेवटी उभे राहिलो. पहिल्याच ट्रॅक्टरवाल्याचा तेमा तेरा निघाला. तो म्हणाला, "सकाळी सकाळी तूच भेटलीस काय माय!" पण ओट्याकडे वळला. दुपारी त्याचीच गाडी अकरावर आली, तेव्हा जाता जाता त्यानं हात केला. सोमवारी काट्यापाशी तीनच गाड्या आडव्या झाल्या. माझे दिवस संपल्यावरही मागचं मीटर चालू राहिलं.

त्या सोमवारी काम आटोपल्यावर मामांनी खिडकीतून हाक दिली. "चहा घेशील काय वं?"

"घेते," मी म्हटलं. "भरून द्या."