कार्बनचा पाचवा बंध
कॉलेजच्या रसायनशास्त्राच्या प्रयोगशाळेत बारा वर्षं काचेची भांडी सांभाळणाऱ्या ताईंनी शिक्षिकेच्या जागेसाठी अर्ज केला, तेव्हा स्टाफरूममध्ये भुवया उंचावल्या. ताईंनी तिकडे काणाडोळा केला. नोकरी सांभाळून त्यांनी एम.एस्सी. केली होती, तीही पहिल्या वर्गात.

घरी सासूबाईंना समोर बसवून त्या आठवडाभर अभिक्रियेत इलेक्ट्रॉन कुठे सरकतात ते दाखवणाऱ्या बाणांचा सराव करत होत्या. सासूबाई म्हणाल्या, "अगं, मला काय कळतंय त्यातलं?"

"जोडी कुठून निघते आणि कुठे जाते, एवढंच बघा, आई. बाणाचं शेपूट इलेक्ट्रॉनच्या जोडीवर आणि टोक ती जिथे पोहोचते तिथे."

नमुना तासाला विभागप्रमुख सरांनी स्वतःच्याच नोट्सचं पान पुढे केलं. एस्टरचं अल्कलीने होणारं विघटन. त्याच नोट्सवर वर्षानुवर्षं मुलं पास होत होती. हा तास जमला तर नोकरी, नाहीतर पुन्हा ब्रश आणि साबण.

ताईंनी फळ्यावर एस्टर काढलं. हायड्रॉक्साइडच्या ऑक्सिजनवरच्या जोडीपासून बाण थेट कार्बनवर नेला. पानावर इथे एवढा एकच बाण होता. ताई थांबल्या. मग कार्बन-ऑक्सिजनच्या दुहेरी बंधातून दुसरा बाण काढून त्यांनी ऑक्सिजनवर टेकवला.

"हा नोट्समध्ये नाही," सर म्हणाले.

"नाही सर. पण तो हवाच."

मागच्या बाकावर तास ऐकायला बसलेल्या प्राध्यापकांनी पेन खाली ठेवलं. ताईंनी खडू कार्बनवर टेकवला.

"या कार्बनला आधीच चार बंध आहेत. हायड्रॉक्साइडची जोडी आली आणि जुनी कुठलीच हटली नाही, तर पाच होतील. कार्बनला ते झेपत नाही. म्हणून दुहेरी बंधातली एक जोडी ऑक्सिजनवर सरकते आणि ऋणभार तिथे जातो. तुमच्या पुढच्या चित्रात तो ऋणभार बरोबर आहे, सर. तो आला कुठून, एवढंच दाखवायचं राहिलंय. पुढे तीच जोडी परत खाली येऊन दुहेरी बंध करते, आणि अल्कोहोलकडचा ऑक्सिजन बंधातली जोडी घेऊन सुटतो."

सरांनी पान डोळ्यांजवळ धरलं. एकेक बंध बोटाने मोजला. चार. हायड्रॉक्साइडच्या बाणाला धरून पाच. त्यांनी पुन्हा मोजलं, आणि त्यांचे कान लाल झाले.

"मुलं हे असंच पाठ करून लिहीत होती," ते पुटपुटले. "आणि मी गुण देत होतो." मग जरा चिडूनच त्यांनी विचारलं, "तुम्ही इतकी वर्षं याच इमारतीत आहात. आधी का नाही सांगितलंत?"

ताईंनी हातावरची खडूची पूड झटकली.

"सर, आजवर तुम्ही मला फक्त फ्लास्क धुतलेत का, एवढंच विचारलंत."