बॅच नंबर नसलेली तारीख

बालवाडीत गोवराचा रुग्ण निघाला, तशी चिझुरू लेकीची लसीकरण पुस्तिका घेऊन तिच्यासह दवाखान्यात आली. तिला घोर नव्हता. शाळाप्रवेशाआधीचा दुसरा डोस नवऱ्याने, मासानोरीने, वसंतातच देऊन आणला होता. "कोनोहा रडलीसुद्धा नाही," असं कौतुकाने सांगितलंही होतं.

नर्सने पान उघडलं. "कोनोहाची आई, हे बघा. पहिल्या डोसापुढे तारीख आहे, बॅच नंबराचं स्टिकर आहे, डॉक्टरांचा शिक्का आहे. दुसऱ्यापुढे नुसतीच तारीख." दवाखान्याच्या नोंदीतही तो डोस नव्हता.

तारखेचं अक्षर चिझुरूने ओळखलं. तिने तिथूनच नवऱ्याला फोन लावला.

"अगं, राहूनच गेलं," मासानोरी चाचरला. "तू ओरडशील म्हणून तारीख टाकली. नंतर देणारच होतो."

"विसरलास, ते मी गिळलं असतं रे. पण ती रडली नाही, हे कुठून आणलंस?"

चिझुरूने फोन ठेवून दिला.

डॉक्टरांनी मुलीला तपासून लगेच लस दिली आणि नर्सने नवं स्टिकर चिकटवलं. घरी आल्यावर चिझुरू पुस्तिका उघडून बसली. नवऱ्याने नेऊन दिलेल्या प्रत्येक डोसापुढचं स्टिकर ती बोटाने चाचपून पाहत होती.