एकाच ग्रेडमधले दोघे

पगाराची स्लिप कुणाला दाखवू नये, असा नियम आमच्या दूध प्रकल्पात आहे. लग्नाळू मुलं तो पाळत नाहीत, आणि त्यांनी पाळावा तरी कसा? बायोडेटासोबत स्लिप नसली तर मुलीकडचे पुढं बोलतच नाहीत. कर्मचारी विभाग माझ्याकडं असल्यामुळं हा नियम मीच दरवर्षी नोटीस बोर्डावर लावतो, आणि स्लिपवर कंपनीचा शिक्का मारून द्या म्हणून मुलं माझ्याकडंच येतात.

आमच्या प्रयोगशाळेत दुधाची तपासणी करणारे दोघे आहेत. बाई जुन्या, बेंबळीकडच्या. शिकाऊ म्हणून लागल्या आणि इथंच कायम झाल्या. दुसरा एक तरुण मुलगा, तो त्यांच्यानंतर बऱ्याच उशिरा आला. दोघांची ग्रेड एक, काम एक. त्याचं स्थळ नेमकं बाईंच्या मावसबहिणीला आलं आणि त्याची स्लिप फिरत फिरत बाईंच्याच हातात पडली.

दुसऱ्या दिवशी त्या लेखी अर्ज घेऊन माझ्यासमोर उभ्या राहिल्या. एकाच ग्रेडमध्ये मला कमी पगार का, एवढंच त्यात विचारलं होतं.

"सर, मी भांडायला आले न्हाय," त्या म्हणाल्या. "पर लेखी उत्तर पाहिजे. आन त्या पोराला काय बोलू नका. सोयरीक जमलीय."

मॅनेजरसाहेबांना पहिला प्रश्न पडला तो हाच, की स्लिप कुणी दाखवली. मग म्हणाले, "लिहून टाका, तुमचा पगार कंपनीच्या धोरणाप्रमाणं आहे." असल्या वाक्याचा मला मनापासून राग येतो. त्यात खोटं काही नसतं आणि उत्तरही नसतं. शिवाय खाली सही माझी असणार होती. म्हणून मी दोघांच्या फायली काढल्या.

ग्रेड म्हणजे एक आकडा नव्हे. तिला खालची हद्द असते आणि वरची हद्द असते, माणूस त्यात कुठंतरी बसतो. मुलगा दुसऱ्या डेअरीत काम करून आला होता. अनुभवाचं पत्र, तिथला शेवटचा पगार, सगळं फाईलला होतं. त्यामुळं त्याला वरच्या अंगाला बसवलं होतं. बाई अगदी तळापासून चढल्या होत्या. बाईमाणूस म्हणून कमी दिलं असतं तर ते कायद्यात बसलं नसतं; हा फरक अनुभवाचा होता. एवढ्यावर फाईल मिटता आली असती, पण एका वर्षी बाईंना पगारवाढच मिळालेली नव्हती.

ते त्यांच्या बाळंतपणाचं वर्ष होतं. मार्चमध्ये प्रत्येकाच्या कामाचा शेरा भरतात, तेव्हा त्या रजेवर होत्या. प्रयोगशाळेच्या प्रमुखांनी त्यांचा फॉर्म कोराच सोडला होता.

"बाई हितं नव्हत्याच, तर मी काय लिवणार?" ते म्हणाले. त्यांच्या मनात काही वाईट नव्हतं, हे मला आजही मान्य आहे. पण कोरा फॉर्म म्हणजे वाढ शून्य, असं संगणकानं धरलं. बाळंतपणाची रजा म्हणजे गैरहजेरी नव्हे, ती नोकरीतच मोजतात. त्या रजेपायी कुणाची वाढ अडवता येत नाही. मॅनेजरसाहेबांना हे पटायला दोन कप चहा लागला, आणि "लेबर ऑफिस" हा शब्द मी एकदाच उच्चारला.

उत्तर एका पानाचं झालं. सहकाऱ्याच्या पगाराची माहिती देता येणार नाही. तुलना मात्र केली आहे. आधीच्या अनुभवामुळं आलेला फरक नियमात बसतो, तो तसाच राहील. अमुक वर्षाची वाढ चुकून राहिली, ती त्या तारखेपासून लावून फरकाची रक्कम पुढच्या पगारात देण्यात येईल आणि त्यावरचा भविष्य निर्वाह निधी खात्यात भरण्यात येईल. हे मान्य नसेल तर कुणाकडं दाद मागावी, तेही लिहिलं. आपण बरं काम केलं, असं मला वाटत होतं.

बाईंनी समोर बसून सावकाश वाचलं. "लई बरं झालं," म्हणाल्या. मग, "पर बाकीचा फरक ऱ्हाणारच ना?"

"राहणार. तो त्यांच्या अनुभवाचा आहे."

"आता माजा बी अनुभव हाय की. त्यानला काम मीच दावलं."

"नियमाप्रमाणं अनुभव कामावर घेतानाच धरतात, तेव्हा त्यांचा धरला गेला."

"आन वाढ दरवर्षी टक्क्यानं देता तुमी. दोघांला सारख्याच टक्क्यानं."

"हो."

"म्हंजे हा फरक दरवर्षी वाढतच जाणार."

मी हो म्हणालो. फार वाईट वाटलं.

त्यांनी पोच म्हणून सही केली. बाहेर टँकर लागला होता. तो मुलगा आधीच तिथं उभा होता. बाईंनी ॲप्रन चढवला, आणि दोघांनी मिळून दुधाचे नमुने काढले.